करप्रणाली बदलली, मग पगारातून कापला जाणारा कर का बदलत नाही? पेरोल विभागाला पत्र असं लिहा

एप्रिलमध्ये कंपनीच्या पोर्टलवर एक प्रश्न येतो : जुनी करप्रणाली की नवी? अनेकजण गेल्या वर्षी जे निवडलं तेच पुन्हा निवडून मोकळे होतात. चार महिन्यांनी सहकाऱ्याची सॅलरी स्लिप पाहिली की लक्षात येतं, पगार तेवढाच, पण आपला कर दुप्पट कापला जातोय. अशा वेळी मार्चची वाट पाहायची गरज नाही. पेरोल विभागाला पत्र देऊन उरलेल्या महिन्यांचा कर नव्याने मोजून मागता येतो. मात्र पत्रात नेमकं काय मागायचं, हे माहीत हवं.

एक उदाहरण घेऊ

समजा, नाशिकमधल्या एका खासगी कंपनीतल्या कर्मचारी महिलेचा २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा एकूण पगार १५ लाख रुपये आहे. पूर्वी त्या भाड्याच्या घरात राहायच्या, त्यामुळे घरभाडे भत्त्याची सूट मिळायची. आता त्या स्वतःच्या घरात राहतात. घरावर कर्ज नाही. तरीही एप्रिलमध्ये सवयीने त्यांनी ‘जुनी’ हाच पर्याय निवडला.

जुन्या प्रणालीत त्यांच्या वजावटी अशा : प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसाय कर अडीच हजार, भविष्य निर्वाह निधी धरून ८०सी खाली दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार. एकूण २,२७,५०० रुपये. करपात्र उत्पन्न १२,७२,५०० रुपये उरतं आणि ४ टक्के उपकर धरून कर होतो २,०२,०२० रुपये. म्हणजे दरमहा १६,८३५ रुपये.

नव्या प्रणालीत यातली फक्त प्रमाणित वजावट मिळते, पण ती ७५ हजारांची. करपात्र उत्पन्न १४,२५,००० रुपये, म्हणजे जुन्यापेक्षा जास्त दिसतं. पण दर कमी असल्याने उपकरासह कर ९७,५०० रुपयेच होतो. वर्षाचा फरक १,०४,५२० रुपयांचा.

१५ लाख पगारावर जुनी प्रणाली फायद्याची ठरायची तर प्रमाणित वजावट धरून एकूण वजावटी ५,९३,७५० रुपयांच्या वर जायला हव्यात. मोठं घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज असल्याशिवाय हा आकडा सहसा गाठला जात नाही.

दरमहाचा नवा आकडा किती?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ९७,५०० ला १२ ने भागलं की ८,१२५ येतात, म्हणून ऑगस्टपासून ८,१२५ रुपये कापले जातील असं वाटतं. तसं नाही.

पगारावरचा कर महिन्याचा नसतो, वर्षाचा असतो. कंपनी वर्षाच्या अंदाजे उत्पन्नावर कर काढते आणि तो महिन्यांत वाटते. आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२(३) नुसार आधी जास्त किंवा कमी कापलेली रक्कम त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या कपातीत जुळवून घेण्याची मुभा कंपनीला आहे.

आपल्या उदाहरणात एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत ६७,३४० रुपये कापले गेले. वर्षाचा नवा कर ९७,५००. उरले ३०,१६० रुपये. ते आठ महिन्यांत वाटले की ऑगस्टपासूनची कपात होते दरमहा ३,७७० रुपये. म्हणजे हातात दरमहा १३,०६५ रुपये जास्त.

पत्र कधी द्यावं?

जितकं लवकर, तितकं बरं. कंपनीने कापलेला कर तिच्याकडे राहत नाही. तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारी खात्यात भरावा लागतो (मार्चच्या कपातीसाठी मुदत ३० एप्रिल). एकदा भरलेला कर कंपनी पगारातून परत देत नाही, फक्त पुढची कपात कमी करते. पुढे कापायला पुरेसा करच उरला नसेल, तर जास्तीची रक्कम विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणूनच मिळते.

याच उदाहरणात पत्र ऑक्टोबरमध्ये दिलं, तर सप्टेंबरपर्यंत १,०१,०१० रुपये कापले गेलेले असतील. हा आकडा वर्षाच्या करापेक्षाच ३,५१० रुपयांनी जास्त आहे. उरलेले सहा महिने कपात शून्य होईल, पण ते ३,५१० रुपये परताव्याची वाट पाहतील. जानेवारीत जाग आली, तर अडकलेली रक्कम ५४,०१५ रुपये असेल.

दर महिन्याच्या पगाराचं काम महिनाअखेरच्या आधीच बंद होतं. ती तारीख पेरोल विभागाला विचारून घ्या. ती चुकली की आणखी एक महिना जुन्या दराने कपात होते.

पत्राचा नमुना

ईमेलनेही चालतं, पण पोचपावती किंवा उत्तर जपून ठेवा.

> प्रति,
> पेरोल विभाग
>
> विषय : करप्रणालीचा पर्याय बदलल्याने आर्थिक वर्ष २०२५-२६ चा पगारावरील कर नव्याने मोजण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> माझा कर्मचारी क्रमांक (……) आहे. एप्रिल २०२५ मध्ये मी जुनी करप्रणाली निवडल्याचे कळवले होते. आता मी आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी कलम ११५बीएसी खालील नवी करप्रणाली निवडत आहे. जुन्या प्रणालीसाठी दिलेली ८०सी, ८०डी व इतर वजावटींची माहिती कर मोजताना धरू नये.
>
> एप्रिल ते जुलै २०२५ या काळात माझ्या पगारातून ६७,३४० रुपये कर कापला गेला आहे. संपूर्ण वर्षाचा कर नव्या प्रणालीनुसार मोजून, आधी कापलेली रक्कम कलम १९२(३) प्रमाणे त्यात जुळवून, उरलेला कर ऑगस्ट २०२५ ते मार्च २०२६ या आठ महिन्यांत समान वाटावा, ही विनंती. माझ्या हिशेबानुसार ही कपात दरमहा ३,७७० रुपये येते. आपला आकडा वेगळा असल्यास कारण कळवावे.
>
> नव्या हिशेबाचा तक्ता कृपया पाठवावा. करप्रणालीची अंतिम निवड मी विवरणपत्र भरताना करणार आहे, याची मला कल्पना आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, विभाग, दिनांक, स्वाक्षरी)

या पत्राचा कणा म्हणजे मधला परिच्छेद. ‘माझी प्रणाली बदला’ एवढंच लिहिलं, तर पर्याय बदलला जाईल, पण आधीची कपात जुळवली जाईलच असं नाही. म्हणून आजवर कापलेली रक्कम आणि उरलेले महिने या दोन्ही गोष्टी आकड्यांत लिहा. पहिला आकडा जुलैच्या सॅलरी स्लिपवर ‘वर्षात आजवर’ या रकान्यात सापडतो.

बदल नीट झाला, हे कसं ओळखाल?

पुढची स्लिप आली की कराचा आकडा पाहा. ३,७७० च्या आसपास असेल तर काम झालं. ८,१२५ दिसले, तर प्रणाली बदलली पण मागची कपात धरलीच नाही. तसं मार्चपर्यंत चाललं तर एकूण १,३२,३४० रुपये कापले जातील, म्हणजे ३४,८४० रुपये जास्त. १६,८३५ च दिसले, तर पत्र वेळेत पोचलं नाही किंवा नोंदच झाली नाही.

मग हिशेबाचा तक्ता उघडा. प्रमाणित वजावट ७५ हजार आहे ना आणि ८०सी, ८०डी, व्यवसाय कर हे रकाने कर मोजताना रिकामे आहेत ना, ते बघा. ५० हजारांची वजावट आणि नवे दर अशी सरमिसळ दिसली, तर लगेच कळवा. कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात स्वतःचा वाटा भरत असेल, तर तो मात्र ठरलेल्या मर्यादेत नव्या प्रणालीतही वजा होतो. तो गळलेला नाही ना, हेही पाहा.

कंपनीने नकार दिला तर?

तसं होऊ शकतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकानुसार कंपनीने दरवर्षी कर्मचाऱ्याला त्याची पसंती विचारायची आणि त्यानुसार कर कापायचा. काहीच कळवलं नाही तर नवी प्रणाली धरायची. पण वर्षाच्या मध्ये पसंती बदलू दिलीच पाहिजे, असं बंधन त्यात नाही. काही कंपन्या एकदा संधी देतात, काही पोर्टल बंद झाल्यावर नाही म्हणतात. म्हणून पत्राची भाषा विनंतीची हवी.

नकार मिळाला तरी हक्क जात नाही. त्याच परिपत्रकात स्पष्ट केलंय की कंपनीला कळवलेली पसंती फक्त कर कापण्यापुरती असते. व्यवसायाचं उत्पन्न नसलेला पगारदार विवरणपत्र भरताना दरवर्षी प्रणाली निवडू शकतो. आपल्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याला तेव्हा १,०४,५२० रुपये परत मिळतील. तोटा एवढाच, की वर्षभर ते पैसे हाताशी नसतील. परताव्यावरचं व्याज आर्थिक वर्ष संपल्यावर, १ एप्रिलपासून मोजलं जातं. वर्षभर पैसे अडकले त्याचं व्याज मिळत नाही.

उलट बदल करायचा असेल तर?

नव्यातून जुन्यात जाण्यासाठीही पत्र हेच, पण सोबत फॉर्म १२बीबी आणि वजावटींचे पुरावे लागतात. वर्षाचं घरभाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅनही. शिवाय एक धोका लक्षात ठेवा : जुन्या प्रणालीची निवड मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच करता येते. मुदत हुकली की नवीच प्रणाली लागू होते आणि कंपनीने जुन्या हिशेबाने कमी कापलेला कर व्याजासह भरावा लागू शकतो.

वर दिलेले कलम क्रमांक २०२५-२६ च्या पगारासाठी आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराला आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात हे क्रमांक बदलले आहेत. त्यानंतर हा नमुना वापरताना आर्थिक वर्ष आणि कलम दोन्ही बदलून घ्या.