सर्वांत स्वस्त निविदा महाग का पडते?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ‘वाहतूकदारांकडून वार्षिक दरकरारासाठी निविदा मागविण्यात येत आहेत’ अशी सूचना असते. त्यातल्या मार्गांच्या तक्त्यापुढे ‘अंदाजे टन’ असा एक रकाना असतो. सगळी मेख त्या ‘अंदाजे’मध्ये आहे.

समजा, मिरजेच्या एका गोदामातून वर्षभर पशुखाद्याची पोती तीन ठिकाणी जायची आहेत. अंदाज असा: सोलापूर 8,000 टन, रत्नागिरी 3,000 आणि कुडाळ 1,000. निविदा दोन लिफाफ्यांत येतात. पहिल्यात गाड्यांची कागदपत्रं, अनुभवाचे दाखले आणि बयाणा रक्कम. त्यात जो पात्र ठरेल, त्याचाच दराचा लिफाफा उघडतात. प्रत्येक मार्गाचा दर त्याच्या अंदाजे टनांनी गुणून बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला काम.

पहिल्या ट्रान्सपोर्टवाल्याचे दर टनाला अनुक्रमे 900, 1,000 आणि 1,200 रुपये. बेरीज 1 कोटी 14 लाख. दुसरा भरतो 820, 1,000 आणि 1,700. त्याची बेरीज 1 कोटी 12 लाख 60 हजार, म्हणून काम त्याला मिळतं. घाट उतरून परतीचा माल मिळत नाही म्हणून कुडाळचा दर चढा असणं समजू शकतं, पण 1,700?

त्याला बाजाराची खबर आहे. कोकणातली मागणी वाढणार, हे त्याने हेरलेलं असतं. वर्ष सरतं तेव्हा सोलापूरला 6,000, रत्नागिरीला 3,000 आणि कुडाळलाही 3,000 टन माल गेलेला असतो. बिल होतं 1 कोटी 30 लाख 20 हजार. ‘महागडा’ पहिला हेच काम 1 कोटी 20 लाखांत करून देता. यात लबाडी किती आणि धंद्याची नजर किती, हे ठरवणं अवघड. नियम मात्र कुठेच मोडलेला नाही.

खरं तर हे लिफाफा उघडतानाच दिसतं. प्रत्येक दर त्या मार्गाच्या चालू बाजारभावाशी ताडून पाहिला की वर उचललेला आकडा लगेच डोळ्यांत भरतो. उलट, फार पाडलेल्या दराच्या मार्गावर गाड्या वेळेवर लागत नाहीत. मग ‘जोखीम व खर्च’ कलमाखाली दुसऱ्याकडून माल पाठवून जादा पैसे मूळ ठेकेदाराकडून वसूल करावे लागतात आणि वाद सुरू होतो.

मार्गवार वेगळं काम देणं हा एक उपाय, पण मग तीन ठेकेदार सांभाळावे लागतात. अंदाजापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त माल गेला तर त्या मार्गाचा दर पुन्हा ठरेल, अशी अट सूचनेतच घालणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. निविदा काढणाऱ्यांनी टनांचे आकडे मागच्या निविदेतून उतरवून न घेता गोदामाच्या गेल्या तीन वर्षांच्या जावक नोंदींवरून काढावेत.