कर्जत-खालापूरची व्यवसायसूची: नोंद, वर्ग आणि विकत घेतलेली जागा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील दुकानदार व कारागिरांची सूची उभारताना तालुका हेच ठिकाण धरले, तर ती वापरणाऱ्याची दिशाभूल करते. माथेरान कर्जत तालुक्यातच मोडते, परंतु दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना बंदी असल्यामुळे कर्जतचा कारागीर अवजारे घेऊन तेथे सहज पोहोचेल असे धरता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत दुकानाचा पत्ता आणि सेवेचा टापू, म्हणजे कारागीर प्रत्यक्ष जेथवर जातो ती गावे, असे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात.

वर्गवारीची खरी कसोटी मान्यतेच्या वेळी लागते. समजा, नेरळच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याने, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरून देणाऱ्याने, अर्जात रिवाइंडिंग, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि बोअरवेल अशा चारही वर्गांवर खूण केली. तपासणाऱ्याने प्रथम मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दहा अंक जुन्या नोंदींशी ताडून पाहावेत, कारण एकाच दुकानाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, क्रमांक मात्र सहसा तोच राहतो. त्यानंतर फोन करून ‘बोअर मारायची गाडी तुमची आहे का?’ असे सरळ विचारावे. गाडी दुसऱ्याची असेल आणि हा केवळ पंप सोडून देत असेल, तर मुख्य वर्ग रिवाइंडिंग, जोडवर्ग पंप बसवणे एवढेच मान्य करून उरलेले वर्ग कारणासह परत पाठवावेत. अन्यथा गळक्या नळासाठी आलेला फोन त्याच्याकडे जातो आणि खरा प्लंबर खाली राहतो.

विशेष स्थान, म्हणजे पैसे भरून यादीत वर मिळणारी जागा, या मान्यतेत मिसळता कामा नये. पैसे भरताच नोंद मान्य होत असेल, तर तपासणीला अर्थ उरत नाही, आणि मुदत संपली की मूळ नोंदही गळून पडते. यासाठी विशेष स्थानाची स्वतंत्र नोंद ठेवून तिच्यात वर्ग, टापू, आरंभ आणि अखेरची तारीख लिहावी, आणि ती केवळ मान्य वर्गातच विकावी. कशेळ्यासारख्या ठिकाणी एखाद्या वर्गात चारच नावे असतील, तर दोन विकलेल्या जागा म्हणजे निम्मी यादी. तेथे जागा विकूच नयेत, हेच योग्य. जेथे विकल्या जातील तेथे नावाशेजारी ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट असावा, कारण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत छुपी जाहिरात ही फसव्या रचनांमध्ये गणली आहे.

तक्रारीवरून मान्यता स्थगित झाली, तर विशेष स्थान त्याच दिवशी थांबवून उरलेल्या दिवसांचे पैसे परत करावेत, आणि ही अट पैसे घेण्यापूर्वीच दरपत्रकावर छापलेली असावी.