सहा की चोवीस?

आमच्या सोसायटीच्या मधोमध अठरा मीटर लांब आणि अकरा मीटर रुंद अशी हिरवळ आहे. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने तिच्यावर सहा पॉप-अप स्प्रिंकलर बसवून दिले. हिशेब त्याने आमच्यासमोरच कागदावर मांडला होता. एका स्प्रिंकलरची फेक चार मीटर, म्हणजे एक जण साधारण पन्नास चौरस मीटर भिजवणार. लॉन 198 चौरस मीटरचं. चार पुरेत, पण "तुमच्यासाठी सहा लावतो, साहेब." नकाशावर त्याने कंपासने सहा वर्तुळं काढून दाखवली. कोपऱ्यांत बोटभर जागा सोडली, तर सगळं लॉन झाकलं जात होतं. कमिटीने मान डोलावली. त्यात मीही होतो.

एप्रिलमध्ये लॉनवर पिवळे ठिपके उमटले. ते इतक्या शिस्तीत होते की कुणी फुटपट्टी लावून काढले असावेत असं वाटे. दर चार स्प्रिंकलरच्या बरोबर मध्ये एक, चारही कोपऱ्यांत एकेक, आणि कडेला दोन स्प्रिंकलरच्या मधल्या जागी एकेक. माळीकाका वाळवी शोधत होते. मग युरिया झाला, बुरशीचं औषध झालं. ठिपके जागचे हलले नाहीत. रोग असा मोजूनमापून पडत नाही. ठिपके ठरावीक अंतरावर आणि जोड्यांच्या मधोमध असतील, तर दोष मातीत नसतो, मांडणीत असतो.

कागदावरच्या वर्तुळात एक लबाडी आहे. कंपासची रेघ केंद्रापासून कडेपर्यंत सगळी जागा सारखीच भिजली असं भासवते. प्रत्यक्षात नोझलच्या जवळपास पाणी भरपूर पडतं आणि पुढे पुढे कमी होत जातं. फेकीच्या टोकाला नुसते चार थेंब पोचतात. शिवाय चार मीटरच्या वर्तुळात बाहेरच्या दोन मीटरच्या कड्यातच पाऊण क्षेत्रफळ असतं. म्हणजे बहुतेक जमीन तिथे, जिथे पाणी विरळ.

आमच्याकडे स्प्रिंकलर लांबीच्या दिशेने सहा मीटरवर आणि रुंदीच्या दिशेने साडेपाच मीटरवर होते. चौघांच्या मधला बिंदू प्रत्येकापासून 4.07 मीटर पडतो. चौघेही त्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबत होते.

म्हणून या धंद्यातला नियम क्षेत्रफळाचा नाही, अंतराचा आहे: एकाचं पाणी शेजारच्याच्या बुंध्यापर्यंत पोचलं पाहिजे. फेक चार मीटर असेल, तर दोन स्प्रिंकलरमधलं अंतरही जास्तीत जास्त चार मीटर. मग एकाची विरळ बाजू दुसऱ्याच्या दाट बाजूवर येते आणि दोन्ही मिळून पाणी बऱ्यापैकी समान पडतं. चौघांच्या मधला बिंदू आता प्रत्येकापासून पावणेतीन-तीन मीटरवर येतो, आणि चौघांचंही पाणी त्याला मिळतं. वारा असलेल्या जागी हे अंतर आणखी थोडं कमी धरतात, कारण बारीक तुषार वाऱ्याबरोबर एका बाजूला सरकतात.

आता मोजणी. अठराला चाराने भागलं की साडेचार येतात. अर्धा गाळा नसतो, म्हणून पाच गाळे, प्रत्येक 3.6 मीटरचा. इथे हटकून एक चूक होते. कुंपणाला पाच गाळे असले तरी खांब सहा लागतात, कारण सुरुवातीलाही खांब हवा आणि शेवटालाही. तसेच स्प्रिंकलर सहा. रुंदीत अकरा भागिले चार, म्हणजे पावणेतीन. वर घेऊन तीन गाळे, स्प्रिंकलर चार. सहा गुणिले चार, एकूण चोवीस. ठेकेदाराच्या चौपट. नेहमी वरच्या आकड्याकडेच जायचं; साडेचारचे चार केले, तर अंतर साडेचार मीटर होतं आणि शेजाऱ्याला पाणी पोचत नाही.

चोवीस ऐकून कमिटीत कुजबुज झाली, पण हे चोवीस सारखे नसतात. कडेचे स्प्रिंकलर अगदी कडेवर बसतात आणि आतच फवारतात. कोपऱ्यातले चार पाव वर्तुळाचे, कडांवरचे बारा अर्ध्या वर्तुळाचे आणि आतले आठच पूर्ण फिरणारे. जुने सहाही पूर्ण वर्तुळाचे असल्याने सव्वा मीटर पाणी बाहेरच्या फरशीवर जायचं, आणि आमच्या काही गाड्या फुकट धुऊन निघायच्या.

पाव, अर्धं आणि पूर्ण या नोझलचं पाणी एकास दोनास चार या प्रमाणात असावं लागतं. पाव वर्तुळाच्या नोझलने पूर्ण नोझलइतकंच पाणी सोडलं, तर त्या कोपऱ्यात चौपट पाणी साचेल. प्रमाण बरोबर असेल तर बेरीज सोपी होते. चार पाव म्हणजे एक, बारा अर्धे म्हणजे सहा, आणि आतले आठ. मिळून पंधरा पूर्ण स्प्रिंकलरइतकं पाणी. आमचं पूर्ण नोझल मिनिटाला दहा लिटर सोडतं, म्हणजे सगळे एकदम चालवायला मिनिटाला दीडशे लिटर हवेत. आमचा पंप पन्नासच्या आसपास देतो. म्हणून तीन व्हॉल्व्ह लावून तीन भाग केले, एका वेळी एकच चालतो.

यात एक गोष्ट मात्र नोझलच्या कॅटलॉगवर सोडू नये, ती म्हणजे फेक. तिथली चार मीटर ही साधारण दोन किलो दाबाची आणि वारा नसतानाची असते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर उंचीवरून आलं, तर दाब जेमतेम एक किलो मिळतो आणि फेक आखडते. दाब फार वाढला तर उलट होतं, थेंबांचं धुकं होऊन ते वाऱ्यावर जातं. खड्डा खणण्याआधी एक नोझल पाइपला जोडून आपल्याच दाबावर चालवावं आणि टेपने फेक मोजावी. तीन मीटर भरली, तर या लॉनला सहा आणि चार गाळे, म्हणजे सात गुणिले पाच, पस्तीस स्प्रिंकलर लागतील. त्यापेक्षा पंप स्वस्त पडतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं बरंचसं ठाऊक असतं. तुषार सिंचनाचे पाइप सहा मीटरचे येतात, म्हणून तोट्या सहाच्या पटीत, बहुधा बारा मीटरवर लागतात. तिथे फेक मोठी आणि पीक थोडी चूक पोटात घालतं. लॉन मात्र वीतभर कोरडी जागासुद्धा लगेच दाखवून देतं.

नवी मांडणी झाल्यावर मी लॉनवर सोळा सारखे स्टीलचे पेले चौकडीत ठेवले, तिन्ही भाग प्रत्येकी दहा मिनिटं चालवले आणि पट्टीने पाणी मोजलं. सरासरी साडेसात मिलिमीटर भरली. सर्वांत कोरड्या चार पेल्यांची सरासरी साडेपाच. साडेपाच भागिले साडेसात, म्हणजे 0.73. अशा फवाऱ्यांना 0.7 च्या वर ठीक म्हणायचं. जुन्या मांडणीवर हे पेले ठेवायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर युरियाचा खर्च वाचला असता.

उन्हाळ्यात लॉनला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर प्रत्येक भाग सात मिनिटंही चालवावा लागत नाही. त्यात टाकीतलं जवळपास हजार लिटर पाणी जातं.