तीनशे शब्दांतला शोधनिबंध

संरचित सारांश म्हणजे पार्श्वभूमी, पद्धती, निष्कर्ष आणि अन्वयार्थ अशा ठरलेल्या मथळ्यांखाली लिहिलेला शोधनिबंधाचा गोषवारा. वैद्यकीय नियतकालिकांत तो १९८७ नंतर रुळला. शब्दांची मर्यादा साधारण अडीचशे ते तीनशे असते.

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याचा सारांश काढायचा झाला, तर पार्श्वभूमीला एक-दोन वाक्ये पुरतात: खेड्यांत बाळंतपणे घरीच होतात, नवजात बाळे दगावतात, दवाखाना लांब असतो, म्हणून घरीच काळजी घेऊन मृत्यू कमी होतात का, हे पाहिले. नवखे लेखक इथेच निम्मे शब्द संपवतात.

पद्धतीत कोणावर, किती काळ, काय केले आणि तुलना कशाशी, एवढे हवे. इथे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग झाल्यास उपचारही केले. ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९३ ते ९५ची माहिती पाया म्हणून घेतली आणि काम १९९५ ते ९८ या काळात चालले.

खरी कसोटी निष्कर्षांत लागते. काळजी दिलेल्या गावांत नवजात मृत्युदर आधी हजार जन्मांमागे ६२ होता, तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. सरळ वजाबाकी केली तर घट सुमारे ५९ टक्के येते. निबंधात मात्र ६२.२ टक्के आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. दुसरा आकडा निव्वळ घटीचा आहे, म्हणजे तुलनेच्या गावांत त्याच काळात जो बदल झाला तोही त्यात हिशेबात धरला आहे. शब्द वाचवायला ‘निव्वळ’ गाळले, की वाचक स्वतः वजाबाकी करून गोंधळतो. म्हणून आकडा निबंधाच्या तक्त्यातून, त्याच्या अटीसकट उचलावा. आठवणीतून किंवा चर्चेच्या भागातून नव्हे.

शेवटच्या भागात हात सैल सुटतो. ‘घरगुती काळजीने बालमृत्यू निम्म्यावर येतात’ हे वाक्य कानाला बरे वाटते, पण मूळ लेखकांनी ‘आम्ही अभ्यासलेल्या कुपोषित, निरक्षर ग्रामीण लोकसंख्येत’ अशी मर्यादा सारांशातच घातली. ती गाळली, तर गडचिरोलीचा निकाल मुंबईलाही लागू होतो असा समज होतो.

सारांश झाला की त्यातला प्रत्येक आकडा निबंधात शोधून त्यावर खूण करावी. सापडला नाही, तर तो काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण १९९९ सालीच ‘जामा’त आलेल्या एका तपासणीत सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतल्या १८ ते ६८ टक्के सारांशांत निबंधाशी न जुळणारी किंवा निबंधात नसलेलीच माहिती आढळली होती.