‘खूप छान’च्या पलीकडचं बोलणं

दुकानासाठी ग्राहकाच्या अनुभवाचा व्हिडिओ करायचा म्हटलं की मालक आधी वाक्यं लिहून देतो: “इथली सर्व्हिस खूप छान आहे, दर वाजवी आहेत, सगळ्यांनी एकदा नक्की भेट द्या.” ग्राहक बिचारा ती पाठ करून कॅमेऱ्यासमोर म्हणतो. बघणाऱ्याला पहिल्याच वाक्याला कळतं की हे शब्द याचे नाहीत, आणि अंगठा पुढच्या व्हिडिओकडे सरकतो. बोलणाऱ्याला अभिनय येत नाही, हे त्याचं खरं कारण नव्हे. त्याला मत विचारलं जातं, आणि मत सांगायला बसलं की कुणीही भाषणच करतं. घडलेली गोष्ट विचारली की तोच माणूस घरात बोलावं तसा बोलतो.

साताऱ्याकडच्या एका शिलाई मशीनच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकान मशीन विकतं आणि दुरुस्तही करतं. बोलणार होत्या घरी ब्लाउज आणि पिको-फॉल करणाऱ्या एक ताई. चित्रीकरण दुकानात करावं, म्हणजे मागे पाटी दिसेल, अशी मालकांची इच्छा होती. मी ते त्यांच्या घरी, त्यांच्या मशीनपाशी केलं. आपल्या जागेवर बसलं की माणसाचे हात आपोआप कामाला लागतात आणि खांदे सैल पडतात. मालकांना मात्र त्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं. ते समोर उभे राहिले असते, तर ताई त्यांच्याकडे बघूनच बोलल्या असत्या.

मांडणी साधी होती. खिडकी त्यांच्या एका बाजूला येईल अशी खुर्ची ठेवली. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. फोन तिपाईवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. फ्रेम-रेट सेकंदाला 25, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि 30 ठेवला तर काही ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. पण जास्त काळजी घ्यायची ती आवाजाची. थोडं डळमळीत चित्र लोक खपवून घेतात, अस्पष्ट आवाज नाही. म्हणून पंखा बंद, फ्रिज तेवढ्या वेळापुरता बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत थांबायचं. कॉलरचा छोटा माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावतात. साडी असेल तर पदर नसलेल्या बाजूला, ब्लाउजच्या काठाला. नाहीतर प्रत्येक हालचालीला कापड खरखरतं. मंगळसूत्र माइकवर आपटतंय का, हे इअरफोन लावून आधीच ऐकून घ्यावं. संकलनात तो टकटक आवाज निघत नाही.

मी लेन्सला अगदी लागून स्टुलावर बसलो आणि त्यांना माझ्याकडे बघून बोलायला सांगितलं. ‘स्टार्ट’ वगैरे काही म्हटलं नाही. रेकॉर्डिंग आधीच चालू होतं, आणि आम्ही अस्तराच्या कापडाच्या भावावर बोलत होतो. एकच विनंती केली: माझा प्रश्न व्हिडिओत ऐकू येणार नाही, तेव्हा उत्तर पूर्ण वाक्यात द्या.

तरी पहिलं उत्तर आलं ते असं: “दुकानाची सर्व्हिस एकदम चांगली आहे, मला फार आवडली.” मान डोलावली आणि विचारलं, “ताई, मशीन कधी ऐन गर्दीत बंद पडलंय का?”

“पडलंय की! वैशाखात. दुसऱ्या दिवशी हळद, आणि नवरीच्या आईचं ब्लाउज अर्धं मशीनवर. सुई वर यायलाच तयार नाही.” इथे त्या थांबल्या. अशा वेळी लगेच पुढचा प्रश्न टाकायचा मोह होतो. तो आवरावा. तीन-चार सेकंद शांत राहिलं की माणूस ती पोकळी स्वतःच भरतो, आणि भरतो ते बहुधा कामाचं असतं. ताई म्हणाल्या, “फोन केला तर ते म्हणाले, तुमचं इथं ठेवा, आमचं घेऊन जा. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन आले मी. रात्री एकला शेवटचं हुक लावलं.”

व्हिडिओ इथेच मिळाला. तरी मी आवराआवर करताना कॅमेरा बंद केला नाही. ‘झालं’ म्हटल्यावर माणूस सुटतो. ताई हसत म्हणाल्या, “त्या बाईंनी अजून दुसरीकडं ब्लाउज टाकलेलं नाही.” निघण्यापूर्वी दोन कामं उरली होती. खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून घेतला, आणि जवळून काही दृश्यं टिपली: बॉबिन भरणारी बोटं, हुक लावणारी सुई, दाराशी अडकवलेली ब्लाउजं. प्रत्येक दृश्य निदान आठ-दहा सेकंद हात न हलवता.

संकलनाला बसल्यावर चित्राकडे आधी बघूच नये. सगळं बोलणं कागदावर उतरवावं आणि खुणा करत जावं. साध्या बोलण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, म्हणजे मिनिटभराच्या व्हिडिओला तेवढेच शब्द मिळतात. ताईंनी किती वर्षं शिवणकाम केलं, मुलगी काय शिकते, पहिलं पायडल मशीन कुणाचं होतं, हे सगळं ऐकायला गोड होतं. ते काढताना जीव खालीवर झाला, पण काढलं. सुरुवात ‘दुसऱ्या दिवशी हळद’पासून केली. नाव आणि गाव नंतर पट्टीवर येतं. ‘सर्व्हिस चांगली’ हे वाक्य पूर्ण गेलं, कारण रिक्षातलं मशीन तेच सांगत होतं.

वाक्यं जोडली की चेहरा मध्येच उडी मारतो. ती उडी बॉबिनच्या नाहीतर सुईच्या दृश्याखाली झाकायची, आणि सांध्यावर खोलीचा तो नुसता आवाज अंथरायचा. मात्र सगळे श्वास आणि अडखळणं कापू नये, बोलणं यंत्रासारखं होतं. दोन ठिकाणची अर्धी वाक्यं जोडून तिसराच अर्थ निघत असेल, तर तो सांधा कितीही बेमालूम असला तरी सोडून द्यावा. फोनवर बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली अक्षरं हवीतच. ताई ‘दुसरीकडं’ म्हणाल्या तर अक्षरांतही ‘दुसरीकडं’च ठेवावं. त्यांची बोली सुधारली की ओठ एक सांगतात आणि पट्टी दुसरं.

तयार व्हिडिओ आधी ताईंना दाखवला, मग मालकांना. लेखी संमती चित्रीकरणापूर्वीच घेतली होती. बोलण्याच्या बदल्यात दुकानाने सूट किंवा वस्तू दिली असेल, तर ते व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी अपेक्षा आहे, आणि अनुभव खरा असावा हेही त्यात आहे.

दवाखान्याचं काम आलं तर मी आधी इथेच थांबतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आकर्षित करणारी जाहिरात गैर ठरते. ‘या डॉक्टरांनी माझा गुडघा बरा केला’ असं रुग्णाकडून वदवून घेणं त्याच वाटेने जातं. शिवाय कॅमेऱ्यासमोर बोलणारा माणूस आपला आजार गावाला सांगत असतो, आणि उद्याही त्याला त्याच डॉक्टरांकडे जायचं असल्याने नाही म्हणणं जड जातं. अशा वेळी मी डॉक्टरांनाच खुर्चीत बसवतो आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात जिना कसा चढावा, हे त्यांच्याकडून करून दाखवून घेतो. प्रश्न विचारण्याची आणि गप्प राहण्याची रीत तिथेही तीच.