बऱ्या दिवसाचीही मर्यादा

दीर्घ थकव्याच्या आजारात (एमई/सीएफएस) श्रमाचा फटका बहुधा त्याच दिवशी कळत नाही. तो 12 ते 48 तासांनी बसतो आणि कित्येक दिवस टिकू शकतो. म्हणून आठवड्याचा आराखडा बऱ्या दिवसाच्या ताकदीवर आखणे हीच मूळ चूक ठरते. वाशिंदहून लोकलने ठाण्याला नोकरीला जाणारी व्यक्ती घ्या. सोमवारी बरे वाटले म्हणून तिने गर्दीतून उभ्याने प्रवास केला, पूर्ण पाळी भरली आणि घरी येऊन स्वयंपाकही केला, तर बुधवारी अंथरूण धरावे लागते. दोष मात्र मंगळवारच्या कामाला दिला जातो. दोन आठवडे रोजचे श्रम आणि त्यानंतरच्या दोन दिवसांची प्रकृती लिहिली, की हा संबंध दिसतो. उभ्याने केलेले तासभराचे काम बाधत असेल आणि 40 मिनिटांचे बाधत नसेल, तर बऱ्या दिवशीही 40 मिनिटांनाच थांबायचे, तेही मध्ये आडवे होऊन. प्रवासाच्या दिवशी स्वयंपाक दुसऱ्याकडे, आणि पुढचा दिवस शक्यतो घरून कामाचा.

अशाने अंग आखडेल, हा आक्षेप संधिवातासारख्या आजारात खरा आहे. तिथे बेताचा व्यायाम हवाच. पण या आजारात ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्ये आपल्या शिफारशींतून काढून टाकला. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र असे थांबणे परवडत नाही. त्याच्या बाबतीत निदान घरची कामे वाटून घेणे कुटुंबाच्या हाती आहे.