‘नाहीतर’ कोणाचे?

‘जर पाऊस थांबला तर, जर एसटी मिळाली तर गावी जाऊ, नाहीतर मामाकडे राहू.’ पाऊस थांबलाच नाही, तर या माणसाने काय करायचे? ‘नाहीतर’ पहिल्या ‘जर’चे मानले तर उत्तर मिळते, दुसऱ्याचे मानले तर वाक्य त्याबद्दल काहीच सांगत नाही. ऐकणारा संदर्भाने निभावून नेतो. संगणकाला ती सोय नाही. १९६० साली जाहीर झालेल्या अल्गोल-६० या भाषेच्या व्याकरणात नेमका हाच घोळ होता. व्याकरणातला असा घोळ एकही वाक्य न वाचता, केवळ कागदावर पकडता येतो. तो कसा, हे पाहू.

‘जर अमुक झाले तर’ एवढ्या सगळ्याला नुसते ‘जर’ म्हणू आणि साध्या कृतीला ‘क’. ‘व’ म्हणजे वाक्य, ‘श’ म्हणजे त्याचे शेपूट. ε म्हणजे काहीच नाही. शेपूट असेल किंवा नसेल.

```
व → जर व श
व → क
श → नाहीतर व
श → ε
```

वाचणारा कार्यक्रम डावीकडून एकेक शब्द घेतो आणि फक्त समोरचा शब्द पाहून कोणता नियम लावायचा ते ठरवतो. मागे फिरून चूक सुधारण्याची मुभा त्याला नाही. म्हणून आधीच दोन याद्या कराव्या लागतात. फर्स्ट म्हणजे एखादे चिन्ह कोणत्या शब्दाने सुरू होऊ शकते. हे सोपे आहे: ‘व’ची सुरुवात ‘जर’ किंवा ‘क’ने होते, ‘श’ची ‘नाहीतर’ने, आणि ‘श’ नाहीसेही होऊ शकते.

या नाहीसे होण्यामुळेच दुसरी यादी लागते. जे दिसतच नाही ते ओळखायचे कसे? त्याच्या मागोमाग काय येते यावरून. ही फॉलो यादी, आणि विद्यार्थी चुकतात ते बहुधा इथेच. ‘व’पासून सुरू करू. संपूर्ण मजकूर हा एक ‘व’च असल्याने त्याच्यामागे समाप्तीची खूण $ येते. पहिल्या नियमात ‘व’मागे ‘श’ उभे आहे, म्हणून ‘श’चा आरंभ, म्हणजे ‘नाहीतर’, यादीत आला. आता ‘श’. ते पहिल्या नियमाच्या अगदी शेवटी आहे. तेव्हा अख्ख्या ‘व’मागे जे येते तेच ‘श’मागेही येणार: $ आणि ‘नाहीतर’. उलट, तिसऱ्या नियमाच्या शेवटी ‘व’ आहे, म्हणून ‘श’ची यादी ‘व’ला द्यायची. दोन्ही एकमेकांना उसने देतात. नवे काही मिळेनासे झाले की थांबायचे. इथे दुसऱ्या फेरीतच काही वाढत नाही.

आता तक्ता. प्रत्येक नियम त्याच्या उजव्या बाजूच्या आरंभशब्दांखाली लिहायचा. उजवी बाजू नाहीशी होऊ शकत असेल, तर तो डावीकडच्या चिन्हाच्या फॉलोतील शब्दांखालीही लिहायचा.

```
व, जर     : व → जर व श
व, क      : व → क
श, नाहीतर  : श → नाहीतर व  |  श → ε
श, $      : श → ε
```

तिसऱ्या घरात दोन नियम दाटीने बसले. एसटीच्या वाक्यातली शंका ती हीच. मजकूर ‘जर जर क नाहीतर क’ असा घेऊ. ‘क’ वाचून झाल्यावर दोन शेपटे एकावर एक रचलेली उरतात, आतले वर. समोर ‘नाहीतर’. वरच्याने ते घेतले की ते जवळच्या ‘जर’ला चिकटते, वरचे नाहीसे झाले तर खालच्याला मिळते.

कुठलातरी एक नियम खोडून टाकू, असे वाटेल. पण कोणता, याला फार महत्त्व आहे. त्या घरात ε ठेवले, तर प्रत्येक शेपूट ‘नाहीतर’ पाहताच नाहीसे होईल आणि तो शब्द घ्यायला कोणीच उरणार नाही. ‘जर क नाहीतर क’ हे अगदी निःसंदिग्ध वाक्यही चुकीचे ठरेल. ‘श → नाहीतर व’ ठेवले तर सगळी वाक्ये वाचली जातात आणि ‘नाहीतर’ जवळच्या ‘जर’ला मिळते. सी भाषेचा नियमही हाच आहे. मात्र मग घर व्याकरणाने नव्हे, आपण हाताने भरलेले असते. रांगेची चूक त्या तक्त्याला कळत नाही: लिहिणाऱ्याने ‘नाहीतर’ बाहेरच्या ‘जर’खाली, डावीकडे सरकवून मांडले, तरी ते आतल्यालाच जाते आणि तक्रार कोणी करत नाही.

अल्गोल-६८ने दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक ‘if’चा शेवट त्याच्याच उलट्या अक्षरांनी, ‘fi’ने, होतो. आपण त्यासाठी पोथीतला ‘इति’ घेऊ आणि पहिला नियम ‘व → जर व श इति’ असा करू. आता ‘श’ नियमाच्या शेवटी नाही; त्याच्या फॉलोत फक्त ‘इति’ उरतो. ‘श’च्या ओळीत ‘नाहीतर’खाली एक नियम, ‘इति’खाली ε, आणि दाटी नाही. गावी जायचे की मामाकडे, हे आता पहिला ‘इति’ ‘नाहीतर’च्या आधी लिहिला की नंतर, यावर ठरते.